चौदा संध्याकाळ आधी ठरणारी रात्र

30 जानेवारी 2025, गुरुवार. भारतातल्या मशिदींच्या हिशेबाने रजब महिन्याची 29 तारीख. तीन रात्रींपूर्वी शब-ए-मेराज होऊन गेली होती. आदल्या दिवशी प्रयागला मौनी अमावास्येचं स्नान झालं होतं आणि त्याच संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर अमावास्या संपली होती. आता मगरिबच्या नमाजानंतर पश्चिमेला कोर दिसते की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

ईदचा चाँद शोधायला गच्च्यांवर जशी गर्दी होते, तशी रजबच्या 29 तारखेला होत नाही. शाबान महिन्याचा चाँद हा तसा दुर्लक्षित चाँद. चाँद समितीतली मंडळी, मशिदीतले इमाम आणि हौसेने आकाश बघणारे काही लोक सोडले तर फारसं कोणी वर पाहत नाही. पण पंधरा दिवसांनी येणाऱ्या शब-ए-बारातची तारीख त्याच संध्याकाळी ठरते. कोर दिसली तर 13 फेब्रुवारीची रात्र, नाही दिसली तर 14 फेब्रुवारीची. नंतरच्या दोन आठवड्यांत त्यात बदल करायला जागा नसते.

शाबान हा हिजरी वर्षाचा आठवा महिना. आधी रजब, नंतर रमजान. शाबानची पंधरावी रात्र म्हणजे शब-ए-बारात. या रात्री क्षमा मिळते, माणसांच्या पुढच्या वर्षाचा हिशेब मांडला जातो, अशी भारतीय उपखंडातल्या बहुसंख्य सुन्नी मुसलमानांची श्रद्धा आहे. संध्याकाळी घरोघरी हलवा होतो. कुठे चण्याच्या डाळीचा, कुठे रव्याचा. त्यावर फातिहा देऊन तो शेजारीपाजारी आणि गरिबांत वाटला जातो. कब्रस्तानं आधीच साफ केलेली असतात. रात्री लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं घालतात, अगरबत्ती लावतात, दुवा मागतात. मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात या रात्री पाय ठेवायला जागा नसते. मशिदीत उशिरापर्यंत नफल नमाज चालतात आणि बरेच लोक पहाटे सेहरी करून दुसऱ्या दिवशी रोजा ठेवतात.

या रात्रीबद्दल मुसलमानांत एकमत नाही, हेही सांगायला हवं. आधार दिला जातो तो मुख्यतः हजरत आयेशा यांच्या कथनाचा. एका रात्री प्रेषित घरात दिसले नाहीत, तेव्हा त्या शोधायला निघाल्या आणि ते मदिनेच्या बकी कब्रस्तानात सापडले, असं ते कथन. तिर्मिझीच्या हदीससंग्रहात ते आहे, पण खुद्द तिर्मिझींनीच त्याची परंपरा कच्ची असल्याची नोंद केली आहे. त्यामुळे बरेलवी परंपरेत ही रात्र थाटात जागवतात, देवबंदी उलेमा घरी एकट्याने इबादत करा, मेळे भरवू नका म्हणतात, आणि अहले हदीस मंडळी या रात्रीला वेगळं स्थान देत नाहीत. शिया पंथीयांचा हिशेबच निराळा. त्यांच्या श्रद्धेनुसार बारावे इमाम महदी यांचा जन्म हिजरी 255 मध्ये शाबानच्या 15 तारखेला झाला, म्हणून त्यांच्यासाठी हा जन्मोत्सव आहे. पण रात्र मानणाऱ्या सगळ्यांनाच ती नेमकी कोणती, हे आधी कळावं लागतं.

पहिला गोंधळ होतो तो दिवस कधी सुरू होतो यावरून. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळाचा मध्यरात्री. हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते. त्यामुळे रात्र आधी आणि तिचा दिवस मागाहून. शाबानची पंधरावी रात्र म्हणजे 14 तारखेचा दिवस मावळल्यावर येणारी रात्र. 2025 साली शाबानचा पंधरावा दिवस 14 फेब्रुवारी होता, पण शब-ए-बारात 13 फेब्रुवारीच्या सूर्यास्तापासून 14च्या पहाटेपर्यंत होती. छापील दिनदर्शिकेत कधी रात्रीची तारीख असते, कधी दिवसाची, आणि मग मुस्लीम नसलेल्या मित्राने शुभेच्छा द्यायला फोन करावा तर रात्र होऊन गेलेली असते. सोपा हिशेब असा: ज्या संध्याकाळी कोर दिसली ती पहिली रात्र. तिच्यापुढे चौदा संध्याकाळ मोजल्या की पंधरावी रात्र येते. 30 जानेवारी अधिक चौदा, म्हणजे 13 फेब्रुवारी.

आता कोर 29 तारखेलाच का शोधायची? एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त काळ जातो. महिना पूर्ण दिवसांचा असावा लागतो, म्हणून तो 29 दिवसांचा तरी होतो किंवा 30 दिवसांचा तरी. 28चा होत नाही आणि 31चाही नाही. प्रेषितांचा दंडक साधा आहे: चंद्र पाहून रोजे सुरू करा, चंद्र पाहून सोडा, आणि आकाश झाकलेलं असेल तर तीस दिवस पुरे करा. हा दंडक रमजानसाठी सांगितलेला असला तरी सगळे महिने त्याच वाटेने चालतात. म्हणून प्रत्येक महिन्याच्या 29व्या संध्याकाळी एकदाच प्रश्न विचारला जातो. 30व्या संध्याकाळी तो विचारावाच लागत नाही. चंद्र दिसो न दिसो, नवा महिना लागलेलाच असतो.

कोर दिसणं मात्र वाटतं तितकं सरळ नाही. अमावास्येच्या क्षणी चंद्र आणि सूर्य आकाशात एकाच रेषेत असतात. त्यानंतर चंद्र सूर्यापासून पूर्वेकडे सरकू लागतो, तासाला सुमारे अर्धा अंश. अंतर फार कमी असेल तर कोर इतकी बारीक आणि संधिप्रकाशाच्या इतकी जवळ असते की डोळ्याला ती सुटी पडत नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजों यांनी विसाव्या शतकात दाखवून दिलं की हे अंतर सुमारे सात अंशांपेक्षा कमी असेल तर कोर तयारच होत नाही म्हटलं तरी चालेल. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या सर्वांत कोवळ्या चंद्राचा विक्रम साडेपंधरा तासांच्या आसपासचा आहे, तोही सराईत निरीक्षकाने 1990 साली केलेला. सामान्य माणसाला, सामान्य हवेत, वीस तासांहून मोठा चंद्र लागतो.

आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषाला हे ठाऊक होतं. सूर्यसिद्धान्तात चंद्र दिसू लागण्यासाठी बारा कालांशांची अट आहे. म्हणजे सूर्य मावळल्यावर चंद्राने आणखी दोन घटका, आजच्या भाषेत 48 मिनिटं, आकाशात राहायला हवं. अरबी खगोलशास्त्रज्ञांनी भारतीय ग्रंथांतून ही कसोटी उचलली आणि हिलाल दिसण्याच्या पहिल्या कोष्टकांत ती वापरली. तिथीही बारा अंशांचीच असते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. चंद्र सूर्यापासून बारा अंश दूर गेला की प्रतिपदा संपते आणि द्वितीया लागते. म्हणून घरात पंचांग असेल तर चाँद दिसेल का याचा बराचसा अंदाज तुम्हाला आधीच येतो. सूर्यास्ताच्या वेळी प्रतिपदाच चालू असेल तर कोर दिसणं कठीण. द्वितीया लागली असेल तर दिसण्याची शक्यता चांगली. बीजेची कोर म्हणतात ती हीच.

30 जानेवारी 2025ला हा ताळा घालून पाहा. माघ शुद्ध प्रतिपदा दुपारी चार वाजून गेल्यावर संपली आणि द्वितीया लागली. मुंबईत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळला, तेव्हा चंद्र अमावास्येनंतर चोवीस तासांहून जरासा मोठा होता. कोर दिसली. रजब 29 दिवसांत संपला, 31 जानेवारीला शाबानची पहिली तारीख झाली.

आदल्या वर्षी उलट झालं होतं. 2024 साली रजबची 29 तारीख 10 फेब्रुवारीला आली, शनिवारी. त्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास अमावास्या संपली होती. सूर्यास्ताला चंद्राचं वय जेमतेम चौदा तास, आणि प्रतिपदा मध्यरात्र उलटेपर्यंत चालणार होती. आकाश कितीही स्वच्छ असतं तरी भारतातून कोर दिसण्यासारखी नव्हती. रजबचे तीस दिवस पुरे झाले, शाबान 12 फेब्रुवारीला सुरू झाला आणि शब-ए-बारात 25 फेब्रुवारीच्या रात्री, रविवारी आली.

इतकं गणित हाताशी असताना समित्या साक्षीदारांची वाट का बघतात, असा प्रश्न लोक विचारतात. कारण बहुसंख्य भारतीय उलेमांच्या मते महिना लागतो तो चंद्र दिसल्यामुळे. चंद्र आकाशात आहे एवढं त्यासाठी पुरत नाही. मुंबईत जामा मशिदीची रुयत-ए-हिलाल समिती, हैदराबाद, लखनौ, दिल्ली इथल्या समित्या 29 तारखेच्या संध्याकाळी बसतात आणि आसपासच्या गावांतून बातम्या गोळा करतात. बातमी आणि साक्ष यांत त्या काटेकोर फरक करतात. ‘आमच्याकडे चाँद दिसला म्हणे’ ही बातमी. ‘मी स्वतः पाहिला’ असं समोर येऊन सांगणं ही शहादत. हनफी फिकहनुसार रमजानच्या चाँदासाठी आकाश ढगाळ असेल तर एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते. ईदसाठी आणि शाबानसारख्या इतर महिन्यांसाठी दोन साक्षीदार लागतात. आकाश निरभ्र असेल तर रमजान आणि ईदच्या चाँदासाठी पुष्कळ लोकांनी पाहिलेला असावा अशी अपेक्षा असते. एवढ्या मोकळ्या आकाशात तो एकट्यालाच कसा दिसला, हा त्यामागचा रास्त संशय. तार आली तेव्हा तारेने आलेला निरोप शहादत ठरतो का यावर मोठा वाद झाला होता, मग टेलिफोनवर झाला. आज एका शहराची समिती दुसऱ्या शहराच्या समितीचा निर्णय फोनवर पडताळून घेते. पण अनोळखी माणसाच्या मोबाइलवरच्या फोटोला ती सहसा भुलत नाही.

साक्षीदाराला विचारतात ते प्रश्न मोठे मार्मिक असतात. सूर्य मावळला त्या जागेच्या डाव्या बाजूला होता की उजव्या? किती उंचीवर? किती वेळ दिसला? टोकं कुठे होती? या शेवटच्या प्रश्नात बरेच जण अडकतात. कोरीची फुगीर बाजू नेहमी सूर्याकडे असते, म्हणून टोकं सूर्यापासून उलट दिशेला, म्हणजे वर असतात. जानेवारी ते मार्च या काळात आपल्याकडून ती जवळजवळ होडीसारखी आडवी दिसते. टोकं क्षितिजाकडे झुकलेली होती असं कोणी शपथेवर सांगितलं, तर त्याने दुसरंच काहीतरी पाहिलेलं असतं. विमानामागची सोनेरी रेघ, उन्हाची कड लागलेला ढगाचा तुकडा, नाहीतर शुक्र. 2025च्या जानेवारीत शुक्र पश्चिमेला चांगलाच तळपत होता, आणि अंधार पडण्याआधी तो दिसला की उत्साही माणूस फसतो. असे लोक खोटं बोलत नसतात. पाहायची इच्छा इतकी असते की डोळे साथ देतात. म्हणूनच एकट्यादुकट्याच्या शब्दावर महिना ठरवायचा नाही हा नियम मला शहाणपणाचा वाटतो.

‘सौदीत आज, म्हणजे आपल्याकडे उद्या’ हे वाक्य आपल्याकडे ठाम नियमासारखं बोललं जातं. ते बऱ्याचदा खरं ठरतं आणि त्यामुळेच धोक्याचं आहे. 2024 साली सौदीत शाबान 11 फेब्रुवारीला सुरू झाला, आपल्याकडे 12ला. तुर्कस्तानात या रात्रीला बेरात कंदिली म्हणतात आणि तारखा गणिताने आधीच छापलेल्या असतात. तिथे ती 24 फेब्रुवारीला झाली, आपल्याकडे 25ला. नियम पाळला गेला. आता 2025 बघा. सौदीचा रजब 1 जानेवारीला सुरू झाला, भारताचा 2 जानेवारीला. एक दिवसाचं अंतर होतं. सौदीच्या 29 रजबला, म्हणजे 29 जानेवारीला, अमावास्या संपून तीन तासही झाले नव्हते, म्हणून तिथे रजब तीस दिवसांचा झाला. भारताच्या 29 रजबला, 30 जानेवारीला, कोर दिसली, म्हणून इथे रजब एकोणतीसचा. दोन्हीकडे शाबान 31 जानेवारीलाच लागला. ज्याने ‘सौदीनंतर एक दिवस’ हा नियम धरून बेत केला असेल, त्याचा हलवा एक दिवस उशिरा झाला असेल. त्या वर्षी तुर्कस्तानातही बेरात कंदिली 13 फेब्रुवारीलाच होती.

पण हे एकमत महिनाभरच टिकलं. 28 फेब्रुवारीला शाबानची 29 तारीख दोन्हीकडे एकाच दिवशी आली. त्या दिवशी सकाळी सव्वासहाला अमावास्या संपली होती. मुंबईत सूर्यास्ताला चंद्र साडेबारा तासांचाही धड नव्हता. मक्का मुंबईच्या पश्चिमेला असल्याने तिथला सूर्यास्त सुमारे सव्वादोन तासांनी होतो, आणि तेवढ्यात चंद्र आणखी एखाद अंश पुढे जातो. सौदीने चाँद दिसल्याचं जाहीर केलं आणि 1 मार्चला रमजान सुरू केला. भारतात तो दिसला नाही, शाबानचे तीस दिवस झाले, पहिला रोजा 2 मार्चला, रविवारी. महिना एकाच दिवशी सुरू झाला तरी संपला वेगळ्या दिवशी. दोन देशांतलं अंतर दर महिन्याला नव्याने ठरतं. एका महिन्यात उघडतं, दुसऱ्यात मिटतं.

मग पश्चिमेला दिसलेला चंद्र आपण का मानू नये? हा वाद आजचा नाही. सहीह मुस्लिममध्ये कुरैब यांची हकीकत आहे. ते शामला, म्हणजे आजच्या सीरियाकडे गेले होते. तिथे रमजानचा चाँद शुक्रवारच्या रात्री दिसला. महिन्याच्या अखेरीस ते मदिनेला परतले तेव्हा इब्न अब्बास यांनी विचारलं, तुम्ही कधी पाहिलात? उत्तर ऐकून ते म्हणाले, आम्ही तर शनिवारच्या रात्री पाहिला, आम्ही आमच्या हिशेबाने तीस पुरे करू किंवा चाँद पाहू. खलिफा मुआविया यांचं पाहणं तुम्हाला पुरेसं नाही का, असं कुरैब यांनी विचारल्यावरही त्यांनी नाही म्हटलं. यातूनच मतला, म्हणजे प्रत्येक प्रदेशाचं आपलं क्षितिज, ही कल्पना पुढे आली. शाफई मत तिला महत्त्व देतं. आपल्या कोकणातले कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि केरळातले बहुसंख्यही. जुन्या हनफी मतात एका ठिकाणचं दर्शन सगळ्यांना लागू, असंही म्हटलेलं सापडतं. व्यवहारात मात्र आज मतलाची हद्द देशाच्या सीमेपाशी येऊन थांबली आहे. खगोलशास्त्राच्या दृष्टीने तिला काही अर्थ नाही, कारण अमृतसर आणि लाहोरचं आकाश एकच आहे. तरी प्रत्येक देशाची समिती आपला निर्णय आपण घेते.

मुंबईतच यापेक्षा वेगळा मार्गही आहे. दाऊदी बोहरा समाज फातिमी काळापासून चालत आलेलं ठरीव पंचांग पाळतो. त्यात पहिला महिना तीस दिवसांचा, दुसरा एकोणतीसचा, असं आलटून पालटून चालतं, आणि तीस वर्षांत अकरा वेळा शेवटच्या महिन्याला एक दिवस जोडतात. सातवा रजब नेहमी तीसचा, आठवा शाबान नेहमी एकोणतीसचा. चंद्र बघायची गरजच नाही. शंभर वर्षांनंतरची तारीखही आज सांगता येते. हे पंचांग अमावास्येच्या जवळ सुरू होतं, म्हणून ते दर्शनाच्या महिन्यापेक्षा एक-दोन दिवस पुढे असतं. 2025 साली बोहरांच्या हिशेबाने शाबानची पंधरावी रात्र 12 फेब्रुवारीला आली आणि रमजान 28 फेब्रुवारीला. एकाच शहरात एक दिवसाच्या फरकाने ही रात्र दोनदा होते, आणि आपापल्या नियमाने दोन्ही बरोबर असतात.

दर्शनाच्या पद्धतीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने शाबान हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरतो. 2011च्या आसपास तो जुलैत होता. कोकणात जुलैच्या संध्याकाळी पश्चिमेचं क्षितिज दिसणं हीच मोठी गोष्ट. चाँद दिसत नाही म्हणून एक महिना तीसचा केला, पुढचाही तीसचा, त्यापुढचाही तीसचा. आकाशातला चंद्र मात्र ढगांची पर्वा करत नाही. तीसचे महिने चारपर्यंत ओळीने खरोखर येऊ शकतात, त्यापुढे नाही. त्यामुळे केवळ ढगांमुळे तीस-तीस करत गेल्यास मोजणी चंद्राच्या मागे पडते. ती मागे पडली आहे हे कसं कळतं? तुमच्या हिशेबाच्या 28 तारखेला पश्चिमेला कोर दिसते तेव्हा. 28 दिवसांचा महिना असू शकत नाही, म्हणजे चालू महिनाच एक दिवस उशिरा सुरू झाला होता. रमजानच्या बाबतीत असं झालं तर एक रोजा नंतर भरून काढावा लागतो. शब-ए-बारात तर होऊन गेलेली असते. ही चूक टाळायलाच समित्या कोरड्या प्रदेशांतल्या साक्षी मागवतात. किनाऱ्यावर ढग असले तरी देशात कुठेतरी आकाश मोकळं असतं.

त्या रात्रीचा चंद्र स्वतःच एक ताळा देतो. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचा काळ कधी चौदा दिवसांहून थोडा कमी, कधी साडेपंधरा दिवसांहून थोडा जास्त असतो. त्यात कोर दिसायला लागणारं एक-दीड दिवसाचं अंतर धरलं की दर्शनाने ठरलेली शब-ए-बारात पौर्णिमेच्या रात्री किंवा तिच्या दुसऱ्या रात्री येते. 2024 साली माघी पौर्णिमा 24 फेब्रुवारीला होती, शब-ए-बारात 25ला. 2025 साली माघी पौर्णिमा 12 फेब्रुवारीला, शब-ए-बारात 13ला. दोन्ही वेळा चंद्र सूर्यास्तानंतर उगवला. या रात्री सूर्य मावळायच्या कितीतरी आधीच चंद्र पूर्वेला वर आलेला असेल, तर मोजणी दर्शनाच्या पुढे गेली आहे. सूर्यास्तानंतर दोन तासांनीही तो उगवला नसेल, तर ती मागे पडली आहे. यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही, पूर्वेकडे उघडणारी गच्ची पुरते.

ऋतू बदलला की या रात्रीचं रूपही बदलतं. फेब्रुवारीत कब्रस्तानात शाल पांघरून बसलेली माणसं दिसतात, पावसाळ्यात चिखल तुडवत जावं लागतं. 2006 साली शब-ए-बारात सप्टेंबरात आली होती. मालेगावात 8 सप्टेंबरला, शुक्रवारच्या नमाजानंतर, त्याच निमित्ताने बडा कब्रस्तान आणि हमीदिया मशिदीच्या परिसरात गर्दी असताना बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं गेली. महाराष्ट्रात त्या वर्षीची शब-ए-बारात आजही त्या नावाने आठवली जाते. त्यानंतर ही रात्र दर वर्षी मागे सरकत ऑगस्ट, जुलै, जून करत 2025 साली फेब्रुवारीत पोचली आणि आता जानेवारीकडे निघाली आहे.

2028 साली ती एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येईल. एकदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि एकदा वर्षाच्या अगदी शेवटी. त्या डिसेंबरातली अमावास्या 16 तारखेला सकाळी साडेसातच्या सुमारास संपते. त्या संध्याकाळी भारतात चंद्र दहा-अकरा तासांचाच असेल, म्हणून कोर 17 डिसेंबरला दिसायला हवी. 17 अधिक चौदा, म्हणजे 31 डिसेंबर. ती पौर्णिमेची रात्र असेल आणि तिला खग्रास चंद्रग्रहणही आहे. भारतातून ते दिसेल, आणि रात्री दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास ग्रहणाचा मध्य होईल. ग्रहणाची वेळ आत्ताच लिहून ठेवायला हरकत नाही. शब-ए-बारातची तारीख मात्र 17 डिसेंबरच्या संध्याकाळी साक्ष मिळाल्यावरच नक्की धरावी.